पोस्टला चारशे लाइक, पण कामाचा मेसेज एकही नाही

ताई,
नऊ वर्षं एकाच कंपनीत होते. दोन महिन्यांपूर्वी आमचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि अख्खा विभाग बंद झाला. पद होतं ‘पीपल सर्व्हिसेस पार्टनर’, काम सगळं कर्मचाऱ्यांचा पगार काढण्याचं, म्हणजे पेरोलचं. लिंक्डइनवर मनापासून पोस्ट लिहिली. सुरुवात अशी होती : ‘जड अंतःकरणाने लिहिते आहे. नऊ वर्षांचा एक सुंदर प्रवास आज संपला.’ शेवटी लिहिलं की कुठलंही योग्य काम असेल तर कळवा. चारशेवर लाइक आणि सव्वाशे कमेंट आल्या. मेसेज मात्र आले ते बायोडेटा लिहून देणाऱ्यांचे आणि विमा विकण्याच्या कामाचे. परत पोस्ट टाकली तर बरं दिसेल का? फोटोभोवती ती ‘काम शोधते आहे’ सांगणारी हिरवी पट्टी लावावी का? सोबत बायोडेटा जोडला आहे.
– स.

प्रिय स.,

परत पोस्ट टाका. मी चौदा वर्षं भरतीचं काम केलं आहे आणि पगाराचं काम नीट येणारं माणूस शोधताना माझे आठवडेच्या आठवडे गेले आहेत. तुमचा बायोडेटा दोनदा वाचला. अशी माणसं हवी असतात. तुम्ही काय करता हे पोस्टमधून योग्य माणसाला कळलं नाही, एवढंच झालं आहे.

आधी भरती करणाऱ्यांच्या टेबलापलीकडचं सांगते. माझ्याकडे एखादी जागा आली की मी लिंक्डइनवर भरतीवाल्यांसाठी जो वेगळा शोध असतो तो उघडत असे. पदाचं नाव, ठिकाण, एक-दोन कौशल्यं, किती वर्षांचा अनुभव हवा, एवढं भरलं की यादी यायची. हा शोध लोकांच्या प्रोफाइलमध्ये होतो, त्यांनी लिहिलेल्या पोस्टमध्ये नाही. पोस्ट कितीही गाजली तरी तिच्या जोरावर तुमचं नाव त्या यादीत येत नाही.

पोस्ट माझ्यापर्यंत यायची ती वेगळ्या वाटेने. एकदा मला पेरोलसाठी माणूस हवं होतं आणि महिना उलटला तरी मिळत नव्हतं. आमच्या वित्त विभागातल्या एकाने मला कुणाची तरी पोस्ट पाठवली, वर एवढंच लिहून : ‘तुझ्या त्या जागेसाठी हिला बघ.’ त्याने ती पोस्ट पूर्ण वाचली नव्हती. पहिल्या दोन ओळींत पेरोल हा शब्द दिसला, किती माणसांचा पगार हे दिसलं, आणि त्याला मी आठवले. मी त्या बाईंचं प्रोफाइल उघडलं, तिथेही तेच शब्द होते, आणि तासाभरात त्यांना फोन लावला.

म्हणून पोस्ट लिहिताना डोळ्यांसमोर हा मधला माणूस ठेवा. तो तुम्हाला ओळखत असेल किंवा नसेल. त्याच्याकडे स्वतःकडे जागा नाही, पण जागा कुणाकडे आहे हे त्याला माहीत आहे. अर्ध्या मिनिटात त्याला कळलं पाहिजे की ही पोस्ट कुणाला पाठवायची. तुमच्या पहिल्या पोस्टवर ज्यांनी लाइक केलं ते बहुतेक जुने सहकारी असणार. त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते कळवलं. कुणाला पाठवायची हे मात्र त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण पेरोल हा शब्द तुमच्या पोस्टमध्ये चौथ्या परिच्छेदात येतो आणि ‘कुठलंही योग्य काम’ यावरून कुणाचंच नाव आठवत नाही. विमावाल्यांना आणि बायोडेटावाल्यांना तुमचं काम माहीत असण्याची गरजच नसते, म्हणून तेवढे पोचले.

आता तुमच्या पदाबद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. ‘पीपल सर्व्हिसेस पार्टनर’ हे तुमच्या कंपनीने घरात ठेवलेलं नाव. बाहेर कुणी या नावाने पगाराचा माणूस शोधत नाही. माझ्या हातून एकदा असंच झालं होतं : एका जागेसाठी दोन महिने वणवण केली आणि नंतर कळलं की अगदी हवा तसा माणूस माझ्या ओळखीतल्यांच्या ओळखीत होता. त्याच्या प्रोफाइलवर कंपनीतलं असंच गोंडस पदनाव होतं, म्हणून तो माझ्या शोधात आलाच नाही. त्याचंही नुकसान झालं आणि माझंही. ते मला अजून लागतं.

बाजारात तुमच्या कामाला काय म्हणतात हे अंदाजाने ठरवू नका. ज्या जागा मिळाल्या तर तुम्ही आनंदाने घ्याल अशा वीसेक जाहिराती उघडा आणि प्रत्येकीचं पदनाव कागदावर उतरवून काढा. पेरोल स्पेशालिस्ट, पेरोल अॅनालिस्ट, पेरोल लीड, एचआर ऑपरेशन्स अशी पाच-सहा नावं फिरून फिरून येतील. जे सर्वांत जास्त वेळा आलं आणि तुमच्या अनुभवाच्या पायरीला बसतं ते पहिलं, त्याच्या जवळचं दुसरं. तुमचा बायोडेटा पाहता पहिलं ‘पेरोल स्पेशालिस्ट’ आणि दुसरं ‘पेरोल लीड’ असेल असं मला वाटतं, पण कागद काय सांगतो ते बघा.

अनुभवाच्या रकान्यात कंपनीने दिलेलं पद बदलू नका. पूर्वीच्या नोकरीची खातरजमा होते तेव्हा तिथे फरक निघाला तर उगाच संशय येतो. ‘पीपल सर्व्हिसेस पार्टनर – पेरोल’ असं पुढे जोडलंत तर खोटंही होत नाही आणि शोधातही सापडतं. नावाखालची जी ओळ असते, जिला हेडलाइन म्हणतात, ती मात्र पूर्ण तुमची आहे. तिथे 220 अक्षरं मावतात. सध्या तुम्ही तिथे ‘नव्या संधीच्या शोधात’ एवढंच लिहिलं आहे. तुम्ही कमेंट केलीत तरी ही ओळ तुमच्या नावाबरोबर दिसते, म्हणून तिथे आधी कामाचं नाव, मग किती जणांचा पगार आणि कोणत्या संगणक प्रणालीवर, हे येऊ द्या : ‘पेरोल स्पेशालिस्ट, 2,400 कर्मचाऱ्यांचा मासिक पगार, वर्कडे’. हे सगळं पोस्ट टाकण्याच्या आदल्या दिवशी करून ठेवा. पोस्ट वाचून माणूस लगेच प्रोफाइलवर जातो, आणि तिथे दुसरंच काही दिसलं तर तो तिथेच थांबतो.

आता पोस्ट. तुमच्या बायोडेटाच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, भाषा आणि छंद यांच्या वर दोन ओळी आहेत. एकीत लिहिलंय की तीन जणींच्या गटाने 2,400 लोकांचा पगार सांभाळला. दुसरीत लिहिलंय, ‘वर्कडे प्रणालीच्या अंमलबजावणीत सहभाग’. मी भरतीला बसले असते तर या दोन ओळींवर बोट ठेवून तुम्हाला अर्धा तास प्रश्न विचारले असते. तुम्ही त्या तळाला टाकल्यात. त्याच वर काढून मी पोस्ट अशी लिहीन :

‘पेरोल स्पेशालिस्ट म्हणून पूर्ण वेळ काम शोधते आहे. 9 वर्षांचा अनुभव, 2,400 कर्मचाऱ्यांचा मासिक पगार, वर्कडे. लगेच रुजू होऊ शकते.

गेली चार वर्षं दर महिन्याचा पगार आम्ही तिघी काढत होतो. हजेरी आणि रजांच्या नोंदी घेण्यापासून बँकेला फाइल जाईपर्यंत आणि नंतर लेखा विभागाशी आकडे जुळेपर्यंत सगळं. फाइल बँकेला जाण्याआधीची शेवटची तपासणी माझ्याकडे होती.

जुन्या प्रणालीवरून वर्कडेवर जाताना तीन महिने दोन्हीकडे पगार काढून ताडून पाहिला. कुणाच्या पगारात फरक का पडतो हे शोधून नियम दुरुस्त करून घेणं हे माझं काम होतं.

कंपनीने पेरोल बाहेरच्या एजन्सीकडे दिल्यामुळे आमचा विभाग बंद झाला.

घरून किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला जाऊन करण्याचं काम हवं आहे. मला पेरोलच करायचं आहे. भरती किंवा प्रशिक्षणाची जागा शोधत नाही. पेरोल, एचआर ऑपरेशन्स किंवा वित्त विभाग सांभाळणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांना पाठवा. मला इथेच मेसेज करता येईल.’

नमुना मराठीत दिला आहे, पण पोस्ट त्याच भाषेत लिहा ज्या भाषेत तुमच्या जागांच्या जाहिराती येतात. आणि वाक्यं माझी उचलू नका. बायोडेटात नसलेल्या ज्या गोष्टी मी अंदाजाने घातल्या, शेवटची तपासणी कुणाकडे होती, तीन महिने ताडून पाहिलं का, त्या खऱ्या असतील तरच ठेवा. वर्कडेच्या कामात तुम्ही फक्त माहिती भरून दिली असेल तर तसंच लिहा. तेही उपयोगाचं आहे.

पहिल्या परिच्छेदाबद्दल थोडं सविस्तर सांगते. पोस्ट स्क्रोल करताना फक्त वरच्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. एका पोस्टमध्ये 3,000 अक्षरं बसतात, पण बहुतेकांसाठी तुमची पोस्ट म्हणजे त्या वरच्या ओळीच. तिथे जड अंतःकरण आलं की वाचणाऱ्याला कळतं की तुम्हाला दुःख झालंय. कामाचं नाव, आकार आणि कधीपासून येऊ शकता हे आलं की त्याला कळतं की पुढे काय करायचं. तुम्हाला झालेलं दुःख खरं आहे आणि ते सांगण्यात काही गैर नाही. नऊ वर्षं म्हणजे थोडी नाहीत. ते तुम्ही एकदा सांगून झालं आहे, ही दुसरी पोस्ट दुसऱ्या कामासाठी आहे.

‘आम्ही तिघी’ आणि ‘माझ्याकडे’ हे मी मुद्दाम वेगळं लिहिलं. सगळंच ‘मी’ म्हटलं तर जाणकार माणूस मनात म्हणतो की 2,400 जणांचा पगार एकटीने कसा काढला असेल. सगळंच ‘आम्ही’ म्हटलं तर तुमचा वाटा कुठला हे कळत नाही. तुमच्या बायोडेटात ‘चुका लक्षणीय कमी केल्या’ असंही आहे. ते मी घेतलं नाही, कारण किती होत्या आणि किती झाल्या हे नाही. पगार जमा झाल्यावर महिन्याला किती दुरुस्त्या कराव्या लागत होत्या याची आठवण पक्की असेल तर तो आकडा घाला, त्यासारखा पुरावा नाही. आठवण धूसर असेल तर सोडून द्या. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. आणि कंपनीची पगारावरची एकूण रक्कम, कुणाचा किती पगार, एजन्सीला काम का दिलं, यातलं काहीही पोस्टमध्ये येऊ देऊ नका. पेरोलच्या माणसाकडून पहिली अपेक्षा तोंड बंद ठेवण्याची असते. पोस्ट वाचणारा वरिष्ठ तेही बघत असतो.

‘भरती किंवा प्रशिक्षणाची जागा शोधत नाही’ हे वाक्य लिहिताना तुमचा हात अडखळेल. आपणच दार लावून घेतोय असं वाटतं. पण नाही म्हटल्यामुळेच मधल्या माणसाला पक्कं कळतं की कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही. घरखर्चाची निकड असेल आणि मधल्या काळात दुसरं काम करावं लागणार असेल तर ते जवळच्या लोकांना फोन करून मागा. त्यात कमीपणा नाही. फक्त दोन्ही शोध एका पोस्टमध्ये घालू नका.

हिरव्या पट्टीबद्दल. ‘ओपन टू वर्क’ चालू करताना दोन पर्याय येतात. एकात फक्त भरतीवाल्यांच्या शोधात तुम्ही काम शोधत असल्याचं दिसतं, दुसऱ्यात सगळ्यांना दिसतं आणि फोटोभोवती हिरवी पट्टी येते. नोकरीत असताना शोधणाऱ्याने पहिला घ्यावा, आणि तोही जपून : आपल्याच कंपनीतल्या भरतीवाल्यांना दिसू नये यासाठी लिंक्डइन काळजी घेतं, पण पूर्ण खात्री देत नाही. तुमच्या बाबतीत लपवण्यासारखं काही नाही. पोस्टमध्ये सगळं उघड सांगितल्यावर पट्टी लावल्याने काही बिघडत नाही. पट्टी बघून नाक मुरडणारे भरतीवाले असतात. मला स्वतःला पट्टी दिसली की बरं वाटायचं, कारण फोन केला तर उचलला जाईल हे कळायचं. पट्टीपेक्षा महत्त्वाचं आहे ते तिथे भरायचं पदनाव. पाच नावं टाकता येतात. कागदावर वर आलेली दोन-तीनच टाका. पाचही जागा भरायच्या म्हणून ‘एचआर जनरलिस्ट’ वगैरे टाकलंत की नको असलेले मेसेज परत सुरू होतील.

पोस्ट टाकताना ती कोण पाहू शकतं हे एकदा तपासा. ती फक्त ओळखीच्यांपुरती ठेवलेली असेल तर पुढे पाठवली तरी पलीकडच्याला उघडणार नाही. हे छोटं वाटतं, पण मी चांगल्या चांगल्या पोस्ट यामुळे वाया जाताना पाहिल्या आहेत. पंचवीस-तीस अनोळखी भरतीवाल्यांना टॅग करू नका; ज्यांना टॅग करतात ते बहुधा नाव काढून टाकतात.

त्याऐवजी ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलं आहे अशा पाच-सहा जणांना आधी सांगून ठेवा आणि प्रत्येकाकडे एक वाक्य मागा. तुमच्या पहिल्या पोस्टखाली ‘सीएफबीआर’ लिहिलेल्या कमेंट खूप दिसल्या. पोस्ट जास्त लोकांना दिसावी म्हणून कमेंट करतोय, एवढाच त्याचा अर्थ. लोकांचा हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. लेखा विभागातल्या तुमच्या जुन्या सहकाऱ्याने ‘वर्षअखेरीचे आकडे जुळवताना स.कडून आलेली फाइल मला परत पाठवावी लागली नाही’ असं लिहिलं, तर ती शिफारसच झाली. शिवाय कमेंट करणाऱ्याच्या ओळखीतल्या लोकांनाही पोस्ट दिसू शकते, आणि लेखा विभागातल्या माणसाच्या ओळखीत वित्त आणि पेरोलचीच माणसं जास्त असतात.

मग मेसेज येतील, आणि त्यात परत नको ते असतील. खऱ्या भरतीवाल्याकडे एक ठरावीक जागा असते. कंपनीचं नाव लगेच सांगता आलं नाही तरी किती माणसांचा पगार, कोणती प्रणाली, कुणाच्या हाताखाली आणि जागा का रिकामी झाली हे तो सांगू शकतो. यातलं एकही विचारल्यावर उत्तर मिळालं नाही आणि नुसता बायोडेटा मागत राहिला तर तो यादी भरतोय. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप अशा कुठल्याही नावाने पैसे मागणारा, किंवा मुलाखतीआधीच बँक खात्याचा आणि ओळखपत्राचा तपशील मागणारा फसवणारा आहे. लगेच ब्लॉक करा, उत्तर देत बसू नका. म्हणूनच नमुन्यात मी फोन नंबर घातलेला नाही.

पोस्ट नीट पोचते आहे की नाही हे लाइकवरून बघू नका. पोस्टच्या खाली आकडे उघडले की ती कोणत्या पदाच्या लोकांनी पाहिली हे दिसतं. तिथे एचआर, पेरोल आणि वित्तवाले दिसू लागले आणि प्रोफाइल पाहणारे वाढले, तर साठ लाइकची पोस्टही चारशेच्या पोस्टपेक्षा चांगली चालली. पाहणारे योग्य आहेत पण प्रोफाइलवर कुणी येत नसेल तर वरच्या ओळी परत लिहा. प्रोफाइलवर येऊनही मेसेज नसेल तर गडबड प्रोफाइलमध्ये आहे, आणि तिथे सर्वांत आधी अनुभवाचा रकाना बघा. तीनेक आठवड्यांनी, सांगण्यासारखं नवं काही असेल तर परत लिहा, उदाहरणार्थ त्या तीन महिन्यांच्या ताडणीत सापडलेली एखादी चूक आणि ती कशी पकडली. तीच पोस्ट परत टाकू नका.

जुनी पोस्ट काढायची गरज नाही. उलट नवी पोस्ट टाकली की संध्याकाळी जुनीखालच्या सव्वाशे कमेंट उघडा आणि एकेका नावावर जाऊन आता तो माणूस कुठे काम करतो ते बघा. दहा-बारा जण असे निघतील ज्यांच्या कंपनीत पेरोल विभाग आहे किंवा जे पेरोल सेवा देणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांनी तुमची विचारपूस आधीच केली आहे, तेव्हा संकोच करू नका. प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहा, नावाने : ‘त्या दिवशी आवर्जून कमेंट केलीत, बरं वाटलं. मी पेरोल स्पेशालिस्टची जागा शोधते आहे, सगळं या पोस्टमध्ये आहे. तुमच्याकडे पेरोल कोण बघतं? त्यांना ही पाठवाल का?’